खोलीतून किती वाजता निघायचं?

परिषदेचं वेळापत्रक जाहीर झालं की लगेचच तो निरोप येतो. शब्द वेगवेगळे असतात, पण मजकूर तोच: माझं भाषण अमुक वाजता ठेवलंय, माझं विमान तमुक वाजता आहे, तर वेळ थोडी अलीकडे घेता येईल का? ब्रुसेल्समध्ये भरणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनात मी काही वर्षं एका डेव्हरूमचं वेळापत्रक लावायचं काम केलं. या निरोपांना उत्तरं देणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या मागणीत किती गोष्टी गुंतलेल्या असतात ते मी तिथे शिकले. पुण्याहून आलेल्या एका मुलीचा निरोप त्यातल्या त्यात सगळं नीट दाखवणारा होता, म्हणून तोच सांगते.

आधी जागेविषयी थोडं. फॉसडेम ब्रुसेल्सच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या सोलबॉश आवारात, हिवाळ्यात, शनिवार-रविवारी भरतं. प्रवेश फुकट, नावनोंदणी नाही, सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर. मुख्य भाषणं मोठ्या सभागृहांत होतात आणि बाकीची डेव्हरूममध्ये. डेव्हरूम म्हणजे एका विषयाला दिलेली वर्गखोली, कधी अर्ध्या दिवसासाठी, कधी पूर्ण दिवसासाठी. त्या खोलीत कोणी आणि कधी बोलायचं हे त्या विषयाचे दोन-तीन कार्यकर्ते ठरवतात. खोली आणि वार मात्र वरून ठरून येतात. म्हणजे माझ्या हातात रविवारची एक खोली आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढा वेळ, बस. 'शनिवारी बोलले तर चालेल का' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नसायचं, कारण शनिवारी त्या खोलीत दुसऱ्याच विषयाची मंडळी बसलेली असायची. वक्त्यांना हे माहीत नसतं आणि माहीत असण्याचं कारणही नाही. त्यांना सगळी परिषद एकच दिसते.

त्या मुलीचा पहिला निरोप इंग्रजीत आला. तिचं भाषण रविवारी दुपारी साडेतीनला होतं. रात्री नऊच्या सुमारास फ्रँकफर्टहून दिल्लीचं विमान, तिथून पुढे पुणे. भाषण तासभर अलीकडे घेतलं तर जमेल, असं तिने लिहिलं होतं. मी मराठीत उत्तर दिलं. त्यावर तिची मेल लगेच आली: "ताई, तुम्ही मराठी! मग सरळच सांगते. फ्रँकफर्टचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून तिकडून काढलं. ब्रुसेल्सहून आगगाडीने जाणार आहे. अडीचला बोलले तर साडेचारची गाडी मिळते."

मी तिला अडीचची वेळ द्यायची तयारी दाखवली नाही. आधी एकच गोष्ट विचारली: खोलीतून तुला किती वाजता निघायलाच हवं?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे, कारण विमानाच्या वेळेचा आम्हाला काही उपयोग नसतो. रात्री नऊचं विमान ब्रुसेल्सच्या विमानतळावरून असेल तर साडेतीनचं भाषण आरामात करता येतं. तेच विमान तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टहून असेल तर साडेतीनच काय, अडीचलाही बोलता येत नाही. मधला हिशोब आयोजकाने करायचा असेल तर त्याला वक्त्याचा सगळा प्रवास समजून घ्यावा लागतो, आणि शेपन्नास वक्त्यांच्या मेल वाचणाऱ्या माणसाकडून ते होत नाही. तो विमानाची वेळ बघतो, 'भरपूर वेळ आहे' असं मनाशी म्हणतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. म्हणून हिशोब वक्त्यानेच करायचा असतो, तोही उलटा. विमानापासून सुरुवात करून मागे मागे खोलीच्या दारापर्यंत यायचं.

तिचा हिशोब आम्ही दोघींनी मिळून केला. विमान नऊला. लांब पल्ल्याच्या विमानाला सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणजे आठला. त्याआधी रांग, आणि नंतर शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडताना पासपोर्ट तपासणीची दुसरी रांग. त्या वर्षी ब्रुसेल्स-मिदी स्टेशनातून फ्रँकफर्टकडे दर दोन तासांनी एक वेगवान गाडी होती, दुपारी 14:25 ला आणि मग 16:25 ला. लिएज, आखेन, कोलोन करत ती साधारण तीन तासांनी थेट विमानतळाच्या स्टेशनात पोहोचते. 16:25 ची गाडी वेळेत धावली तर सव्वासात-साडेसात. म्हणजे सामानाची खिडकी बंद व्हायला अर्धा-पाऊण तास उरतो. कागदावर हे जमतं. पण एवढ्या लांबच्या गाडीला, त्यात सीमा ओलांडणाऱ्या, हिवाळ्यात अर्धा तास उशीर होणं काही विशेष नाही. आणि ती चुकली किंवा रद्द झाली, तर पुढची दोन तासांनी, म्हणजे विमान उडाल्यावर.

तिने यात आणखी एक गोष्ट धरली नव्हती. आगगाडी आणि विमान एकाच तिकिटावर असतील तर जोडणी चुकल्यावर पुढचं विमान शोधून द्यायची जबाबदारी तिकीट देणाऱ्यावर येते. तिची दोन्ही तिकिटं वेगळी होती. आगगाडी उशिरा पोहोचली तर विमान कंपनीच्या लेखी ती फक्त न आलेली प्रवासी. दिल्लीहून पुण्याचं पुढचं विमान त्याच तिकिटात असल्यामुळे तेही आपोआप रद्द. युरोपातल्या वक्त्याचं असं काही झालं तर तो मित्राच्या सोफ्यावर एक रात्र काढतो आणि सोमवारी घरी जातो. भारतातून आलेल्या माणसाला ऐनवेळचं नवं तिकीट काढावं लागतं, आणि पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावर राहण्याचे दिवस मोजून दिलेले असतात. परिषदेपुरतेच दिवस मिळालेले असले, तर एका दिवसाच्या उशिरालाही पुढच्या वेळी व्हिसा मागताना खुलासा द्यावा लागू शकतो. माझ्या बेल्जियन सहकाऱ्यांना हे सांगावं लागायचं. त्यांना ते कळत नसे असं नाही, पण त्यांच्यावर तशी वेळ कधी आली नव्हती.

तेव्हा ठरलं की धरायची ती 14:25 ची गाडी. 16:25 ची हाताशी राखून ठेवायची, पहिली चुकली तर म्हणून. आता स्टेशनापासून मागे. मिदी स्टेशन मोठं आहे, फलाट शोधायला आणि बॅग ओढत चढायला वेळ लागतो, म्हणून दोनच्या सुमाराला स्टेशनात. सोलबॉशहून 71 नंबरच्या बसने सेंट्रल स्टेशन आणि तिथून लोकलने मिदी. रविवारी बस विरळ असते आणि परिषदेच्या गर्दीने भरूनही जाते. पाऊण तास धरला. म्हणजे सव्वाला आवारातून बाहेर. भाषण संपल्यावर चार-पाच माणसं प्रश्न घेऊन भोवती जमतातच. मुळात लोक एवढ्या लांबून येतात ते त्या गप्पांसाठी. त्यांना पंधरा-वीस मिनिटं दिली तर भाषण एकच्या आत संपायला हवं. आमची भाषणं पंचवीस मिनिटांची, पुढची पाच मिनिटं लॅपटॉप बदलायला. म्हणजे उशिरात उशिरा साडेबाराला सुरुवात.

साडेतीनवरून अडीच असं तिने मागितलं होतं. खरी गरज साडेतीनवरून साडेबाराच्या आतली निघाली. मी अडीच देऊन टाकली असती तर ती खूश झाली असती, आणि रविवारी संध्याकाळी कोलोनच्या पुढे कुठेतरी घड्याळाकडे बघत बसली असती.

आता माझं काम सुरू झालं. वेळ 'अलीकडे घेणं' असं काही नसतं, कारण रिकामी जागाच नसते. कोणाशी तरी अदलाबदल करावी लागते. शिवाय एका भाषणासाठी बाकी सगळी अर्धा तास पुढे ढकलायची म्हटली तर सहा-सात जणांच्या वेळा बदलतात आणि त्यातल्या प्रत्येकाची कुठली ना कुठली गाडी असतेच. म्हणून नियम असा की दोनच माणसं हलवायची, आणि भाषणं सारख्याच लांबीची हवीत.

साडेबाराचा वक्ता बघितला. त्याचं तीन वाजता आवाराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या डेव्हरूममध्ये भाषण होतं. ते संपवून, गर्दीतून वाट काढत साडेतीनला आमच्या खोलीत पोहोचणं अशक्य. हे आमच्या वेळापत्रकात दिसत नाही. ते कळायला सगळ्या परिषदेचं वेळापत्रक उघडून माणसाचं नाव शोधावं लागतं. बाराचं भाषण साडेअकराच्या भाषणाचा दुसरा भाग होता. आधी गाभा कसा चालतो ते, मग त्यावर बांधलेलं काम. त्यातलं एक काढून दुपारी नेलं तर ऐकणाऱ्याला काहीच लागत नाही. साडेदहाच्या बाईंनी अर्जातच लिहिलं होतं की दुपारी मुलाला घेऊन निघायचंय, म्हणून सकाळची वेळ द्या. असं आधी सांगणाऱ्याची वेळ मी कधीही हलवली नाही. जो वेळेवर बोलला त्याच्यावर उशिरा बोलणाऱ्याचा भार टाकणं मला पटत नाही.

राहिला अकराचा वक्ता, घेंटचा एक विद्यार्थी. घेंट ब्रुसेल्सहून गाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर, गाड्या दिवसभर. हलवायला सगळ्यांत सोपा माणूस. आणि इथेच मला दर वर्षी थांबायला व्हायचं. जवळ राहणारा माणूस हलवायला सोपा असतो, म्हणून प्रत्येक वेळी त्यालाच हलवलं जातं. रविवारी दुपारी तीननंतर खोल्या रिकाम्या होऊ लागतात, कारण श्रोत्यांनाही आपापल्या गाड्या गाठायच्या असतात. सकाळी अकराला दाराबाहेर रांग असते आणि आतले स्वयंसेवक 'खोली भरली' असा फलक लावतात. साडेतीनला तीच खोली अर्धी असते. म्हणजे वेळ बदलून मागणं हे दुसऱ्या कोणाचे तरी श्रोते मागणं असतं. पुण्याच्या मुलीला हे माहीत नव्हतं, पण मला होतं. त्यामुळे त्या मुलाला लिहिताना मी ते लपवलं नाही. साडेतीनला लोक कमी असतील, असं स्पष्ट लिहिलं. कारण सांगितलं, तिचं नाव सांगितलं नाही, आणि नाही म्हणायची पूर्ण मोकळीक दिली. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं: चालेल, माझं रेकॉर्डिंग तर होतंच ना? पुढच्या वर्षी त्याचा अर्ज निवडला गेला तेव्हा मी त्याला सकाळची वेळ दिली. माझ्या टिपणवहीत तसं लिहून ठेवलं होतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्याला हलवायचं त्याची संमती, मग मागणाऱ्याला होकार, मग वेळापत्रकात बदल. उत्साहात हा क्रम उलटला की एका वेळेवर दोन माणसं हक्क सांगतात. आणि बदल वेळापत्रकाच्या यंत्रणेतच व्हायला हवा. 'आम्ही दोघांनी आपसांत ठरवलंय' हे पुरत नाही, आणि याचं कारण फार थोड्या वक्त्यांना ठाऊक असतं. खोलीतला कॅमेरा दिवसभर सलग चालू असतो. नंतर वेळापत्रकातल्या वेळांनुसार त्या चित्रीकरणाचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याला त्या वेळी नोंदवलेल्या वक्त्याचं नाव आणि विषय लागतो. दोघांनी तोंडी अदलाबदल केली तर तिच्या चित्रफितीला त्याचं नाव लागणार आणि त्याच्या फितीला तिचं. तपासायची मेलही भलत्याच माणसाला जाणार. पुण्याहून स्वखर्चाने येऊन बोललेल्या मुलीच्या हाती शेवटी पुरावा म्हणून राहते ती ही चित्रफीतच. तिच्यावर नाव बरोबर हवं.

यंत्रणेत बदल केला की संकेतस्थळ आणि फोनवरची ॲप्स तोच मजकूर उचलतात. पण ज्यांनी आधीच वेळापत्रक छापून घेतलेलं असतं किंवा फोनमध्ये चित्र काढून ठेवलेलं असतं, ते जुन्याच वेळेला येतात. त्यांच्यासाठी मी खोलीच्या दाराला जाड अक्षरांत लिहिलेला कागद लावला: अकरा आणि साडेतीन या वेळांची अदलाबदल झाली आहे. शिवाय साडेदहाचं भाषण संपल्यावर खोलीतल्या कार्यकर्त्याने तोंडीही सांगितलं. एवढं करूनही दुपारी साडेतीनला तिघे-चौघे तिचं भाषण ऐकायला आलेच. त्यांना चित्रफीत कुठे मिळेल ते सांगितलं. याला दुसरा इलाज नाही. म्हणूनच जाहीर झालेली वेळ विनाकारण हलवू नये, असं मी आग्रहाने म्हणते.

भारतातल्या वक्त्यांच्या निरोपात आणखी एक घोळ पुन्हा पुन्हा दिसायचा, तो तारखेचा. मुंबई-दिल्लीहून युरोपकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 'शनिवार, 01:10' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शुक्रवारी रात्री जेवून विमानतळावर जायचं. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की शनिवारी निघतोय, रविवारी सकाळची पहिली वेळ नको, उशीर होईल. त्यांना दुपारची वेळ मागायची गरजच नव्हती. ते शनिवारी दुपारीच ब्रुसेल्सला उतरणार होते. उलटंही होतं. परतीचं विमान 'सोमवार, 00:30' असेल तर रविवारची संध्याकाळ मोकळी नसते, रात्री नऊलाच विमानतळावर उभं राहावं लागतं. मी तिकिटावरची वेळ वाचली की वाराच्या शेजारी 'आदली रात्र' असं लिहून ठेवायचे. दुसरा घोळ घड्याळाचा. हिवाळ्यात ब्रुसेल्स भारताच्या साडेचार तास मागे असतं. 'मी पाचपर्यंत मोकळी आहे' असं कोणी पुण्यातून लिहिलं तर ते पाच कुठले, हे विचारावं लागतं. निरोपात 'ब्रुसेल्सच्या वेळेनुसार' एवढे शब्द असले की दोन मेल वाचतात.

सगळ्यांचीच सोय होते असं नाही. ज्यांना सकाळी साडेदहाच्या आत निघायचं असतं आणि सकाळचे सगळे वक्ते बांधलेले असतात, त्यांना मला नाही म्हणावं लागलंय. अशा वेळी मार्ग दोन. सहवक्ता असेल तर त्याने बोलायचं, नाहीतर वेळ परत द्यायची आणि राखीव यादीतल्या कोणाला तरी ती मिळू द्यायची. महिनाभर आधी परत दिलेली वेळ राखीव वक्त्याला तयारीसाठी पुरते. आदल्या रात्री परत दिलेली वेळ म्हणजे खोलीत अर्धा तास रिकामा पडदा. वक्त्याचा निरोप कधी आला यावर मी जी नजर ठेवायचे ती एवढ्याचसाठी. वेळापत्रक जाहीर व्हायच्या आधी आलेली अडचण मांडणीतच सामावते, कोणाला हलवावं लागत नाही. जाहीर झाल्यानंतरच्या आठवड्यात एक माणूस हलवावा लागतो. परिषदेच्या आठवड्यात बहुधा काहीच हलत नाही, कारण ज्यांना विचारायचं ते सगळे स्वतःच प्रवासात असतात.

त्या मुलीने अकराला भाषण दिलं. बॅग तिने पहिल्या बाकाखाली ठेवली होती. खोली भरलेली होती, आणि प्रश्न विचारायला आलेल्यांशी ती बाहेरच्या व्हरांड्यात तासभर बोलत उभी राहिली. त्या वेळी घाई नव्हती, कारण आता हिशोबात दीड तास जास्तीचा होता. 14:25 ची गाडी तिला मिळाली. दिल्लीला उतरल्यावर तिने दोन ओळी पाठवल्या आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात, प्रवासाच्या रकान्यात, पहिल्याच दिवशी लिहिलं: रविवारी दुपारी एकच्या आत खोलीतून निघावं लागेल, ब्रुसेल्सच्या वेळेनुसार.

परदेशात कुठे बोलायला जाणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. असा निरोप लिहाल तेव्हा त्यात भाषणाचं नाव, आत्ताची वेळ, खोलीतून निघायची शेवटची वेळ आणि तुम्हाला चालतील अशा दोन-तीन वेळा लिहा. पाच ओळी पुरतात. आणि त्या तिकीट काढल्या दिवशीच पाठवा.